शून्य ते दहा : मोबाइल कंपनीच्या एका आकड्याची उलटतपासणी

कस्टमर केअरशी बोलणे संपले, की थोड्याच वेळात मोबाइलवर एक संदेश येतो. ‘आमची सेवा तुम्ही मित्रांना किंवा नातेवाइकांना सुचवण्याची शक्यता किती? ० ते १० यांपैकी एक अंक कळवा.’ बहुतेक जण तो संदेश न वाचताच पुसून टाकतात. मोजके लोक उत्तर देतात आणि त्या मोजक्यांच्या उत्तरांतून एक आकडा तयार होतो. त्याचे नाव नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजे एनपीएस. अनेक कंपन्यांमध्ये या आकड्यावर बोनस ठरतात, बैठकांमध्ये जाब विचारले जातात आणि कोणत्या भागातल्या सेवेवर आधी खर्च करायचा याचे निर्णय होतात. आकडा उपयोगाचा आहे, यात शंका नाही. पण तो किती माणसांच्या आणि कोणत्या माणसांच्या उत्तरांवर उभा आहे, हे विचारल्याशिवाय त्याच्यावर निर्णय घेणे धोक्याचे आहे.

ही पद्धत मांडली अमेरिकेतील बेन अँड कंपनी या सल्लागार संस्थेच्या फ्रेड रायकहेल्ड यांनी. डिसेंबर २००३च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यांचा लेख आला. ग्राहकांना लांबलचक प्रश्नावली देण्यापेक्षा ‘तुम्ही आमची शिफारस कराल का?’ हा एकच प्रश्न विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. ९ किंवा १० देणारे ते पुरस्कर्ते, ७ किंवा ८ देणारे तटस्थ आणि ० ते ६ देणारे नाराज. पुरस्कर्त्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली, की स्कोअर मिळतो. तटस्थ लोक एकूण संख्येत धरले जातात, पण बेरीज-वजाबाकीत येत नाहीत. सगळेच पुरस्कर्ते असतील तर स्कोअर अधिक १००, सगळेच नाराज असतील तर उणे १००.

हिशेब इतका सोपा असल्यामुळेच ही पद्धत जगभर पसरली. पण सोपेपणाची किंमत पहिल्याच पायरीवर मोजावी लागते. आपल्याकडे दहापैकी आठ गुण म्हणजे चांगलेच गुण. सेवेवर खूश असलेला माणूस सहज ८ देतो आणि हिशेबात तटस्थ ठरतो. शून्य देणारा संतापलेला ग्राहक आणि ६ देणारा ‘ठीक आहे’ म्हणणारा ग्राहक एकाच गटात बसतात. कंपनीने खूप मेहनत घेऊन शून्य देणाऱ्याला ६पर्यंत आणले तरी स्कोअर तसूभरही हलत नाही. ६ देणाऱ्याने ७ दिले, की मात्र तो लगेच वर सरकतो.

चारशे माणसांचा महिना

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. दूरसंचाराच्या नकाशात देश २२ सर्कलमध्ये विभागलेला आहे. त्यांतले महाराष्ट्र सर्कल मुंबई वगळून मोजले जाते आणि त्यात गोवाही येतो. आपली कंपनी या सर्कलमध्ये आहे आणि तिचे ग्राहक लाखोंच्या घरात आहेत. मार्चमध्ये तिला ४०० ग्राहकांची उत्तरे मिळाली. १६० पुरस्कर्ते, १४० तटस्थ, १०० नाराज. टक्केवारीत ४० वजा २५, म्हणजे स्कोअर १५. एप्रिलमध्ये पुन्हा ४०० उत्तरे आली. या वेळी १४४ पुरस्कर्ते, १४० तटस्थ, ११६ नाराज. ३६ वजा २९, म्हणजे स्कोअर ७.

बैठकीत पडद्यावर आलेख येतो. स्कोअर एका महिन्यात निम्म्यावर आला! नेटवर्क विभागाला विचारणा होते, कॉल सेंटरला नोटीस जाते, नव्या रिचार्ज प्लॅनवर खापर फुटते. प्रत्यक्षात काय बदलले? चारशे जणांच्या दोन गटांमध्ये १६ पुरस्कर्ते कमी आणि १६ नाराज जास्त निघाले. हे चारशे जण दर महिन्याला वेगळे असतात. कोणाला विचारले गेले, या योगायोगानेही इतका फरक पडू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

तो हिशेब करता येतो. पुरस्कर्ते आणि नाराज यांच्या प्रमाणांची बेरीज करायची, मार्चसाठी ०.४० अधिक ०.२५, म्हणजे ०.६५. त्यातून स्कोअरचा वर्ग वजा करायचा, म्हणजे ०.१५चा वर्ग, ०.०२२५. उरले ०.६२७५. त्याला उत्तरांच्या संख्येने, ४००ने भागून वर्गमूळ काढायचे, ते येते सुमारे ०.०४. त्याला १.९६ने गुणले, की ९५ टक्के खात्रीची मर्यादा मिळते. ती सुमारे ८ गुण आहे. म्हणजे मार्चचा स्कोअर ‘१५’ असे लिहिणे अपुरे आहे. ‘१५, आठ गुण इकडे किंवा तिकडे’ असे लिहिले पाहिजे. सर्व ग्राहकांना विचारले असते तर स्कोअर ७पासून २३पर्यंत कुठेही निघू शकला असता.

दोन महिन्यांची तुलना करताना दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र येते आणि मर्यादा सुमारे ११ गुणांवर जाते. आपल्या कंपनीची घसरण ८ गुणांची आहे. ती खरी असेलही, पण या आकड्यांवरून तसे ठामपणे म्हणता येत नाही. ज्या कंपनीत दर महिन्याच्या चढउताराला दर महिन्याला नवे कारण सापडते, तिथे हे हमखास घडत असते. अशी कारणे खरी आहेत की योगायोगाची, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. मागच्या बारा महिन्यांचे स्कोअर त्यांच्या मर्यादांसह एकाच आलेखावर काढावेत. सगळ्या मर्यादा एकमेकींवर पडत असतील, तर वर्षभरात काही बदलले असे म्हणताना सावध राहावे.

हा आकडा इतका का डळमळतो? एखाद्या साध्या मतचाचणीत ‘हो’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढली, तर ४०० उत्तरांमागे मर्यादा फार तर ५ गुणांची असते. एनपीएस ही दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी आहे. एक माणूस पुरस्कर्त्यांतून नाराजांत गेला, की एक बाजू घटते आणि त्याच वेळी दुसरी वाढते. धक्का दुप्पट बसतो. शिवाय ग्राहक दोन टोकांना जितके विभागलेले, तितकी अनिश्चितता मोठी. एका कंपनीत ५० टक्के पुरस्कर्ते आणि ३५ टक्के नाराज असतील आणि दुसरीत २५ टक्के पुरस्कर्ते आणि १० टक्के नाराज असतील, तर दोघींचा स्कोअर १५च येतो. पण ४०० उत्तरांवर पहिलीची मर्यादा ९ गुणांची आणि दुसरीची साडेपाच गुणांची निघते. पहिल्या कंपनीत दर तीन ग्राहकांमागे एकाहून अधिक जण नाराज आहे, ही त्याहून मोठी गोष्ट आहे आणि स्कोअर तिच्याबद्दल गप्प आहे. म्हणून स्कोअरसोबत तिन्ही गटांची टक्केवारी छापलीच पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘लाखो ग्राहकांत चारशे म्हणजे काय?’ असे अनेकांना वाटते. पण ग्राहक दहा लाख असोत की तीन कोटी, चारशे उत्तरांची मर्यादा जवळपास तेवढीच राहते. महत्त्व आहे ते उत्तरांच्या संख्येला, एकूण ग्राहकांशी असलेल्या तिच्या प्रमाणाला नव्हे. अडचण वेगळीच आहे. मर्यादा निम्मी करायची तर उत्तरे चौपट लागतात. दोन महिन्यांत ५ गुणांचा फरक दिसला आणि तो योगायोगाचा नाही असे म्हणायचे असेल, तर दर महिन्याला साधारण दोन हजार उत्तरे हवीत. तेवढा खरा बदल झाला असताना तो पाचपैकी चार वेळा तरी नजरेस यावा अशी अपेक्षा असेल, तर चार हजार.

जिल्ह्यांची क्रमवारी

सर्कलचा आकडा निदान अंदाज तरी देतो. त्याचे तुकडे केले, की तोही हातचा जातो. वरिष्ठांना जिल्हावार तक्ता हवा असतो. चारशे उत्तरे तीस जिल्ह्यांत वाटली, तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी १३ उत्तरे येतात. तेरा उत्तरांवर मर्यादा ४३ गुणांची आहे! एका माणसाने ९ऐवजी ६ दिले, तर जिल्ह्याचा स्कोअर १५ गुणांनी कोसळतो. तरीही तक्ता तयार होतो, पहिल्या पाच जिल्ह्यांना हिरवा आणि शेवटच्या पाचांना लाल रंग मिळतो.

तीस जिल्ह्यांची सेवा अगदी एकसारखी असली, तरी तेरा-तेरा उत्तरांच्या तक्त्यात कोणीतरी पहिला येणार आणि कोणीतरी शेवटचा. ज्या जिल्ह्यातून सर्वांत कमी उत्तरे येतात, तो बहुधा यादीच्या एका किंवा दुसऱ्या टोकाला सापडतो, कारण थोड्या उत्तरांचा स्कोअरच जास्त उड्या मारतो. या महिन्यात शेवटी असलेला जिल्हा पुढच्या महिन्यात आपोआप वर येतो आणि मधल्या काळात तिथे पाठवलेल्या पथकाला त्याचे श्रेय मिळते. क्रमवारी दर महिन्याला उलटीपालटी होत असेल, तर ती जिल्ह्यांबद्दल काहीच सांगत नाही, असे खुशाल समजावे.

प्रत्येक जिल्ह्याचा ५ गुणांचा बदल दर महिन्याला पाहायचा असेल, तर तीस जिल्ह्यांसाठी साठ हजार उत्तरे लागतील. शंभरातले दोघेच उत्तर देत असतील, तर त्यासाठी महिन्याला तीस लाख संदेश पाठवावे लागतील. हे परवडणारे नाही आणि ग्राहकही वैतागतील. यावर जाणकार विश्लेषक दोन उपाय करतात. ते जिल्हे एकत्र करून कोकण, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, गोवा असे मोठे गट करतात आणि एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची उत्तरे एकत्र मोजतात. त्याने प्रत्येक गटाला सरासरी दोनशे उत्तरे मिळतात आणि मर्यादा ११ गुणांवर येते. हे फार बारीक माप नव्हे, पण निदान खरे माप आहे.

उत्तर कोण देते?

आतापर्यंतचा हिशेब एका गृहीतावर उभा होता. ज्यांनी उत्तर दिले ते सर्व ग्राहकांमधून चिठ्ठी टाकून निवडल्यासारखे आहेत, असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात तसे नसते आणि त्यातून होणारी चूक नमुन्याच्या संख्येतून होणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते.

समजा, वीस हजार ग्राहकांना संदेश गेला. त्यांत खरोखर ६,००० पुरस्कर्ते, ९,००० तटस्थ आणि ५,००० नाराज आहेत. म्हणजे खरा स्कोअर ३० वजा २५, अधिक ५. आता उत्तर देण्याची वृत्ती पाहा. पुरस्कर्त्यांपैकी २ टक्के लोक उत्तर देतात. तटस्थ माणसाला त्यात रस नसतो, त्यांच्यापैकी १ टक्काच देतात. नाराज माणसाला राग काढायचा असतो, त्यांच्यापैकी ४ टक्के देतात. हाती येतात १२० पुरस्कर्ते, ९० तटस्थ आणि २०० नाराज, एकूण ४१० उत्तरे. स्कोअर निघतो जवळपास उणे २०. खरा आकडा अधिक ५ होता! सूत्राने काढलेली मर्यादा इथेही आठ गुणांचीच दिसेल, पण प्रत्यक्ष चूक २५ गुणांची आहे.

अशा वेळी साहजिक उपाय सुचतो, की आणखी लोकांना विचारू. दोन लाख संदेश पाठवले तर ४,१०० उत्तरे येतील, मर्यादा अडीच गुणांवर उतरेल आणि स्कोअर तरीही उणे २०च राहील. चूक होती तिथेच आहे, फक्त तिच्यावरचा विश्वास वाढला. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. करपलेल्या तळाची शिते कितीही उचलली, तरी वरच्या भाताची चव कळत नाही.

झुकाव उलट दिशेलाही असतो. कंपनीच्या अॅपमधून प्रश्न विचारला, तर उत्तरे त्यांच्याकडूनच येतात ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे आणि डेटा नीट चालतो. ज्या वाडीत रेंजच येत नाही, तिथल्या ग्राहकापर्यंत प्रश्न पोहोचतच नाही. घरात सिम वडिलांच्या नावावर असते, रिचार्ज मुलगा करतो आणि फोन आई वापरते. उत्तर कोणाचे आहे, हे कंपनीला माहीत नसते. त्यात भर पडते दबावाची. जोडणी करणारा तंत्रज्ञ किंवा दुकानातला मुलगा निघताना विनवतो, ‘मॅडम, मेसेज येईल, प्लीज दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात.’ त्या दहामध्ये सेवेचे मोजमाप नसते, एका माणसाच्या पोटाची काळजी असते. रायकहेल्ड यांनी स्वतः २०२१मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्येच लिहिले, की या पद्धतीचा मोठा गैरवापर झाला आहे. ग्राहकाच्या तोंडी उत्तराला जमाखर्चात दिसणाऱ्या वाढीची जोड हवी, असे त्यांनी त्या लेखात सुचवले.

टेलिकॉम कंपनीला मात्र एक सोय आहे, जी दुकानदाराला किंवा हॉटेलवाल्याला नाही. उत्तर न देणाऱ्या ग्राहकाबद्दलही तिला बरेच ठाऊक असते. तो प्रीपेड की पोस्टपेड, किती वर्षांपासूनचा, रिचार्ज कितीचे, कॉल किती वेळा मध्येच तुटले, तक्रार केली होती का, ही सर्व माहिती तिच्याजवळ असते. उत्तर देणारे आणि न देणारे यांची या माहितीवर तुलना केली, की झुकाव कोणत्या बाजूला आहे ते दिसते. समजा, नव्वद टक्के ग्राहक प्रीपेड असताना उत्तरांत निम्मे पोस्टपेड आले. प्रीपेडचा स्कोअर ५ आणि पोस्टपेडचा २५ असेल, तर सरळ सरासरी १५ येते. खऱ्या प्रमाणाचे वजन दिले, की ती ७वर येते. दुसरा उपाय कष्टाचा पण भरवशाचा आहे. उत्तर न देणाऱ्यांमधून दोन-तीनशे जण चिठ्ठीने निवडायचे आणि त्यांना त्यांच्या भाषेत, सोयीच्या वेळी फोन करायचा. त्यांचा स्कोअर संदेशातून आलेल्या स्कोअरपेक्षा फार वेगळा निघाला, तर मूळ आकडा बाजूला ठेवावा.

निघून गेलेले ग्राहक

सर्वांत फसवी गोष्ट आणखी वेगळी आहे. प्रश्न फक्त आजच्या ग्राहकांना विचारला जातो. समजा, हजार ग्राहकांत ४०० पुरस्कर्ते, ३५० तटस्थ आणि २५० नाराज आहेत. स्कोअर १५. नाराजांपैकी १०० जण कंटाळून दुसऱ्या कंपनीत गेले. उरले ९००, त्यांत नाराज १५०. स्कोअर झाला जवळपास २८. कंपनीने दर दहांतला एक ग्राहक गमावला, कोणाचीही सेवा सुधारली नाही आणि आकडा १३ गुणांनी वर गेला!

भारतात हे तपासणे अवघड नाही. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११पासून देशभर आहे आणि ३ जुलै २०१५पासून ती एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये जातानाही मिळते. ग्राहक १९०० या क्रमांकावर PORT असा संदेश पाठवतो आणि निघून जातो. कोणत्या सर्कलमध्ये अशा किती विनंत्या आल्या, ही आकडेवारी ट्राय प्रसिद्ध करते. पण सगळेच रीतसर जात नाहीत. दोन सिमच्या फोनमध्ये ग्राहक एका सिमचे रिचार्ज बंद करतो आणि काही न सांगता दुसऱ्यावर सरकतो. म्हणून स्कोअरच्या शेजारी तीन आकडे ठेवावेत : पोर्ट होऊन गेलेले, रिचार्ज थांबलेले आणि प्रत्यक्ष सक्रिय राहिलेले ग्राहक. स्कोअर चढतो आहे आणि सक्रिय ग्राहक घटत आहेत, असे दिसले तर आनंदाचे कारण नाही.

उलटेही घडते. डोंगराआडच्या गावात एकाच कंपनीचा टॉवर असेल, तर तिथला ग्राहक शून्य देतो आणि तरीही तिथेच राहतो, कारण जायला जागा नाही. ‘शिफारस कराल का?’ हा प्रश्नच मोबाइल सेवेला पुरता लागू पडत नाही. माझ्या घरी रेंज उत्तम येते, पण माझ्या मित्राच्या गावी येते की नाही, हे मी कसे सांगणार? कंपनीची पुढची वाढ या एका प्रश्नावरून इतर प्रश्नांपेक्षा चांगली ओळखता येते, हा मूळ दावाही टिकला नाही. टिमोथी कायनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील ग्राहक-समाधानाच्या माहितीवर तो तपासला. २००७मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये त्यांनी दाखवले, की एनपीएस इतर मापांहून सरस ठरत नाही.

मग हा आकडा फेकून द्यावा का? नाही. चिठ्ठीने निवडलेल्या ग्राहकांना, तोच प्रश्न, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे विचारला आणि ‘हा अंक का दिला?’ हेही विचारले, तर त्यातून कंपनीला खूप कळते. कारणे वाचणे हे आकडा वाचण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे. ‘बिल समजत नाही’ असे चाळीस जणांनी लिहिले असेल, तर ते दुरुस्त करायला कोणत्याही मर्यादेचा हिशेब लागत नाही.

कंपन्यांत असे तक्ते पाहणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्कोअर समोर आला, की तीन गोष्टी विचारा : उत्तरे किती, उत्तर न देणारे कोण आणि गेलेल्या ग्राहकांचा हिशेब कुठे आहे. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत कोणाचा बोनस कापू नका आणि कोणाची पाठही थोपटू नका. आणि वाचकहो, तुमच्या मोबाइलवर असा संदेश आला, तर भिडेखातर दहा देऊ नका आणि रागाच्या भरात शून्यही देऊ नका. जे खरे वाटते तो अंक द्या आणि त्याखाली एका ओळीत कारण लिहा. कंपनीच्या उपयोगी पडेल ती तुमची ती एक ओळच.